लोकसंख्येची घनता कशी काढायची, आणि ठाणे जिल्ह्याचा 1,157 हा आकडा कुठे फसवतो

2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला 1,157 माणसं अशी नोंदलेली आहे. आकडा बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. पण हा आकडा घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प भागात गेलात तर तो हास्यास्पद वाटेल, आणि मोखाड्याच्या पाड्यांवर गेलात तरी तितकाच हास्यास्पद. या लेखात आपण हाच जिल्हा घेऊन घनता पायरीपायरीने काढू, मग तो आकडा फोडून आत काय दडलंय ते पाहू. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे. एक्सेल येत असेल तर उत्तम.

सूत्र शाळेतलंच आहे: लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. भागाकारात कुणी चुकत नाही. चूक होते ती वर काय ठेवायचं आणि खाली काय ठेवायचं, इथे.

पायरी 1: लोकसंख्या कुठून घ्यायची

जनगणनेतूनच घ्या. 2021 ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. त्यामुळे सगळीकडे एकाच पद्धतीने मोजलेले आकडे हवे असतील तर 2011 शिवाय पर्याय नाही. मधल्या वर्षांचे 'अंदाजित' आकडे बऱ्याच ठिकाणी दिसतात. ते एका शहरापुरते वापरायला हरकत नाही, पण एका तालुक्याचा 2011 चा आकडा आणि शेजारच्याचा 2023 चा अंदाज एकाच तक्त्यात घालू नका. तुलना तिथेच मेली.

2011 मध्येही दोन प्रकारचे आकडे फिरतात. जनगणना संपल्याबरोबर जाहीर झाले ते तात्पुरते, आणि नंतर छाननी करून आले ते अंतिम. दोन्हींत थोडा फरक असतो आणि जुन्या बातम्यांत बहुतेक वेळा तात्पुरतेच सापडतात. प्रत्येक जिल्ह्याची जनगणना हस्तपुस्तिका निघते. तीत तालुका, शहर, वॉर्ड आणि गाव असे सगळे अंतिम आकडे असतात. तीच हाताशी ठेवा.

आकडे बरोबर उतरवले की नाही, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. भागांची बेरीज करा, ती एकूण आकड्याशी शेवटच्या माणसापर्यंत जुळली पाहिजे. आजच्या ठाणे जिल्ह्यातले सात तालुके घेऊन पाहा. ठाणे 37,87,036, कल्याण 15,65,417, भिवंडी 11,41,386, अंबरनाथ 5,65,340, उल्हासनगर 5,06,098, शहापूर 3,14,103 आणि मुरबाड 1,90,652. बेरीज येते 80,70,032. जिल्ह्याचा आकडाही तोच. एका माणसाचाही फरक आला तर कुठेतरी अंक इकडेतिकडे झालाय किंवा तात्पुरता आकडा घुसलाय, असं समजून परत बघा.

पायरी 2: क्षेत्रफळ

लोकसंख्येपेक्षा हे जास्त त्रासाचं काम आहे, आणि नवखे लोक इथे फारसं लक्ष देत नाहीत.

आधी एकक. जिल्ह्याचं क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये मिळतं, गावाचं बहुधा हेक्टरमध्ये, आणि स्थानिक कागदांत एकर-गुंठेही येतात. 100 हेक्टर म्हणजे 1 चौ. किमी, आणि 1 चौ. किमी म्हणजे साधारण 247 एकर. एखाद्या गावाची घनता दर चौ. किमीला 3 माणसं अशी आली तर ते गाव ओसाड पडलंय असं लिहिण्याआधी क्षेत्रफळ हेक्टरमध्ये तर नव्हतं ना ते पाहा. शंभर पटीची चूक आकड्याकडे नीट बघितलं की दिसते. बघायची सवय मात्र हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षेत्रफळाचे आकडे एकाच ठिकाणाहून आलेले नसतात. जनगणनेत जिल्ह्याचं क्षेत्रफळ सर्वेक्षण विभागाकडून घेतलेलं असतं, तर तालुका आणि गावांचं महसूल खात्याकडून. त्यामुळे सगळ्या गावांची बेरीज जिल्ह्याच्या क्षेत्रफळाएवढी येईलच असं नाही. जंगलाची जमीन गावाच्या नोंदीत आहे की नाही, यावरही फरक पडतो. लोकसंख्येसारखी शेवटच्या अंकापर्यंत जुळणारी बेरीज इथे मागू नका. पण फरक मोठा असेल तर तो कशाचा आहे ते शोधा.

शहरांचं तर विचारूच नका. ठाणे महानगरपालिकेची 2011 ची लोकसंख्या 18,41,488. शहराचं क्षेत्रफळ कुठे सुमारे 128 चौ. किमी लिहिलेलं सापडतं, कुठे 147. पहिलं घेतलंत तर घनता 14,387 येते, दुसरं घेतलंत तर 12,527. माणसं तीच, शहर तेच, आणि पावणेदोन-दोन हजारांचा फरक नुसत्या खालच्या आकड्यामुळे. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं ठरवत बसण्यापेक्षा कुठलं क्षेत्रफळ घेतलं ते लिहून टाका आणि सगळ्या शहरांसाठी एकाच ठिकाणचे आकडे वापरा.

पायरी 3: हद्द आणि वर्ष जुळतात का?

ठाणे जिल्हा यासाठी फार बोलका आहे. 1 ऑगस्ट 2014 ला त्यातून पालघर वेगळा झाला. म्हणजे जनगणना झाली तेव्हा जिल्हा 9,558 चौ. किमीचा होता आणि लोकसंख्या 1,10,60,148 होती. आज ठाणे जिल्हा 4,214 चौ. किमीचा आहे आणि पालघर 5,344 चा.

आता कुणीतरी जनगणनेच्या जुन्या तक्त्यातून लोकसंख्या घेतो आणि जिल्ह्याच्या आजच्या माहितीतून क्षेत्रफळ. 1,10,60,148 भागिले 4,214 म्हणजे 2,625. आकडा बघायला अगदी ठीक वाटतो, मुंबईच्या शेजारचा जिल्हा, असेल एवढी दाटी, असं म्हणून पुढे जातो. पण यात वसईपासून मोखाड्यापर्यंतची जवळजवळ 30 लाख माणसं मोजली आहेत आणि त्यांच्या पायाखालची जमीन सोडून दिली आहे.

म्हणून दोन्ही आकड्यांशेजारी दोन गोष्टी लिहायच्या: कुठल्या वर्षाचा, आणि कुठल्या हद्दीचा. शहरांच्या बाबतीत तर हे पावलोपावली लागतं, कारण महानगरपालिकांत गावं येतात आणि जातात. पुण्याच्या हद्दीत 2011 नंतर दोन टप्प्यांत गावं आली. त्या शहराची 2011 ची लोकसंख्या आणि आजचं क्षेत्रफळ यांचा भागाकार केला तर पुणं विरळ झाल्यासारखं दिसेल. दहा-बारा वर्षांत एखाद्या वाढत्या शहराची घनता एकदम घसरलेली दिसली की आधी हद्दवाढीची तारीख शोधायची.

पायरी 4: भागाकार

ही पायरी लहान आहे.

जुना ठाणे जिल्हा: 1,10,60,148 ÷ 9,558 = 1,157.
आजचा ठाणे: 80,70,032 ÷ 4,214 = 1,915.
पालघर: 29,90,116 ÷ 5,344 = 559.5, म्हणजे 560.

दशांश चिन्हापुढचे अंक लिहू नका. क्षेत्रफळातच दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होत असताना 1,915.05 लिहिणं म्हणजे नसलेल्या नेमकेपणाचा आव आणणं आहे.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. 31 जुलै 2014 ला जव्हारमधला माणूस 1,157 घनतेच्या जिल्ह्यात राहत होता. दुसऱ्या दिवशी तो 560 घनतेच्या जिल्ह्यात राहू लागला. डोंबिवलीतला माणूस 1,157 वरून 1,915 वर गेला. दोघंही घरातून हललेले नाहीत. नकाशावर एक रेघ ओढली गेली, एवढंच. घनता हा माणसाच्या भोवतालचा गुण आहे असं आपण धरून चालतो, पण जिल्ह्याची घनता ही बरीचशी रेघेची करामत असते.

इथे एक चूक हमखास होते. 1,915 आणि 560 यांची सरासरी काढली तर 1,237 किंवा 1,238 येते, 1,157 नाही. दोन घनतांची बेरीज करून दोनाने भागायचं नसतं, कारण दोन्ही जिल्हे सारख्या आकाराचे नाहीत. एकत्र घनता हवी असेल तर परत मुळापाशी जायचं: सगळ्या माणसांची बेरीज, सगळ्या जमिनीची बेरीज, मग भागाकार. तालुक्यांच्या घनतांवरून जिल्ह्याची काढतानाही हेच. तक्त्याखाली 'सरासरी' म्हणून एक्सेलचं AVERAGE लावलेलं दिसलं की समजायचं, चुकलं.

पायरी 5: आकडा फोडा

आजचा ठाणे जिल्हा घेऊ, 1,915 वाला. उल्हासनगर तालुका म्हणजे जवळपास उल्हासनगर शहरच. लोकसंख्या 5,06,098. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या 5,04,755. म्हणजे कसाऱ्याच्या घाटापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या दोन अख्ख्या तालुक्यांत जेवढी माणसं राहतात, त्याहून तेराशेएक माणसं जास्तच एका उल्हासनगरात राहतात.

उल्हासनगरचं क्षेत्रफळ सुमारे 13 चौ. किमी. घनता येते जवळजवळ 39,000. शहापूर-मुरबाडचं क्षेत्रफळ जिल्ह्याच्या निम्म्याच्या वर आहे. पक्का आकडा तुम्ही हस्तपुस्तिकेतून घ्या, इथे हिशोबापुरते 2,400 चौ. किमी धरू. घनता येते 210. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत, साधारण सारख्याच संख्येची माणसं, आणि दाटीत सुमारे एकशे पंच्याऐंशी पटीचा फरक. 1,915 हा आकडा या दोन्हींपैकी कुणाचाच नाही.

फरक का पडतो, तेही बघितलं पाहिजे, नाहीतर घनता म्हणजे नुसती आकडेमोड राहते. उल्हासनगर हे वाढत वाढत झालेलं शहर नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराच्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं गेलं; 1949 मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं. बराकींच्या आखलेल्या तुकड्यांतच घरं, दुकानं आणि कारखाने उभे राहिले, चारी बाजूंना दुसऱ्या गावा-शहरांच्या हद्दी, त्यामुळे पसरायला जागा नाही. वाढ झाली ती आतल्या आत आणि वर.

शहापूर विरळ का? तिथे भातसा आणि तानसा ही धरणं आहेत, तानसा अभयारण्य आहे, सह्याद्रीचे उतार आहेत. मुंबईला पाणी जातं ते या रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीतून. म्हणून तिथली घनता कमी आहे हे 'मागासलेपणाचं लक्षण' म्हणून कुणी लिहिलं की मला वैताग येतो. दाट शहराचं पाणी जिथे साठतं ती जमीन विरळच असणार. दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत.

आणि शहापूर तरी आतून सारखं कुठे आहे? वासिंद आणि आसनगाव ही मध्य रेल्वेची स्थानकं, तिथे इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि सकाळच्या लोकलला गर्दी असते. डोळखांबच्या बाजूला गेलात की पाडे विखुरलेले. म्हणजे शहापूरचा आकडाही पुन्हा एक सरासरीच. ही फोड कुठे थांबवायची, याचं उत्तर तुम्हाला आकडा कशासाठी हवाय त्यावर आहे. तालुक्याला किती तलाठी हवेत हे बघायचं असेल तर तालुका पुरे. आरोग्य उपकेंद्र कुठल्या पाड्यांना लांब पडतं ते बघायचं असेल तर गावाच्या खाली उतरावं लागेल.

पायरी 6: जमिनीची सरासरी आणि माणसांची सरासरी

नेहमीची घनता जमिनीच्या बाजूने विचारते: एका सरासरी चौ. किमीवर किती माणसं? पण आपल्याला पुष्कळदा दुसराच प्रश्न पडलेला असतो: एका सरासरी माणसाच्या भोवती किती दाटी? जंगलातल्या चौ. किमीला स्वतःचं मत नसतं; पहिल्या हिशोबात मात्र त्याला उल्हासनगरच्या चौ. किमीएवढंच वजन मिळतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे लोकसंख्या-भारित घनता. पद्धत अशी: प्रदेशाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याची घनता काढा, तिला त्या तुकड्यातल्या माणसांनी गुणा, सगळी उत्तरं मिळवा आणि एकूण माणसांनी भागा.

ठाणे जिल्ह्याचे तीनच तुकडे करून बघू. पहिला, उल्हासनगर आणि भिवंडी ही दोन शहरं. भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या 7,09,665 आणि क्षेत्रफळ सुमारे 26 चौ. किमी, यंत्रमाग आणि घरं एकमेकांना खेटून. दोन्ही मिळून 12,15,763 माणसं 39 चौ. किमीवर, घनता 31,173. दुसरा तुकडा शहापूर-मुरबाडचा, 5,04,755 माणसं, आपण धरलेले 2,400 चौ. किमी, घनता 210. तिसरा तुकडा म्हणजे उरलेला सगळा जिल्हा: 63,49,514 माणसं, 1,775 चौ. किमी, घनता 3,577.

एक्सेलमध्ये B रकान्यात लोकसंख्या, C मध्ये क्षेत्रफळ आणि D मध्ये घनता भरा. मग:

```
=SUM(B2:B4)/SUM(C2:C4)
=SUMPRODUCT(B2:B4,D2:D4)/SUM(B2:B4)
```

पहिली ओळ नेहमीची घनता देईल, 1,915. दुसरी देईल सुमारे 7,500. पहिल्या ओळीचं उत्तर जिल्ह्याच्या छापील आकड्याशी जुळलं नाही तर दुसरीकडे बघूच नका. आधी तुकड्यांत काहीतरी सुटलंय किंवा दोनदा मोजलंय ते शोधा. माझ्या मते ही तपासणी सूत्रापेक्षा महत्त्वाची आहे.

1,915 आणि 7,500, दोन्ही खरे. पहिला सांगतो की जिल्ह्याच्या जमिनीवर सरासरी किती भार आहे. दुसरा सांगतो की जिल्ह्यातला माणूस सरासरी केवढ्या दाटीत राहतो. दोन आकड्यांत चौपट अंतर आहे, आणि वस्ती किती असमान आहे याचं मोजमाप म्हणजेच हे अंतर. सगळीकडे वस्ती अगदी सारखी असती तर दोन्ही आकडे एकच आले असते.

पण यातही एक गोम आहे. भारित घनता तुम्ही केलेल्या तुकड्यांवर अवलंबून असते. तुकडे जितके बारीक कराल तितकी ती वाढत जाते. फार तर तेवढीच राहते, कमी कधीच होत नाही. जुन्या ठाण्याचे फक्त ठाणे आणि पालघर असे दोन तुकडे केले तरी 1,157 चे सुमारे 1,549 होतात. आपल्या तिसऱ्या तुकड्यात कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर यांच्याबरोबर भिवंडी तालुक्यातली शेतीची गावंही एकत्र आहेत. ती वेगळी केली तर 7,500 चा आकडा आणखी वर जाईल. म्हणून एका जिल्ह्याचा तालुकावार काढलेला आकडा दुसऱ्याच्या वॉर्डवार काढलेल्या आकड्याशेजारी ठेवू नका.

पायरी 7: शहराच्या आत

जिल्ह्यात जंगल आहे म्हणून असं होतं, शहरात तर सगळीकडे वस्तीच असते, असं वाटण्याचा संभव आहे. मुंबई शहर जिल्हा घ्या. 30,85,411 माणसं, 157 चौ. किमी, घनता 19,652. उपनगर जिल्ह्याची 20,980. नुसते आकडे पाहून कुणी म्हणेल की गिरगाव-काळबादेवीपेक्षा बोरिवली दाट आहे.

शहर जिल्ह्यातले दोन वॉर्ड बघा. सी वॉर्ड म्हणजे काळबादेवी, भुलेश्वर, मरीन लाइन्सचा भाग. 1,66,161 माणसं आणि क्षेत्रफळ दोन चौ. किमीच्या आतच. म्हणजे घनता 83,000 च्या वर. त्याच्या दक्षिणेला ए वॉर्ड, म्हणजे फोर्ट आणि कुलाबा. 1,85,014 माणसं, पण क्षेत्रफळ साधारण 12 चौ. किमी, घनता पंधरा हजारांच्या आसपास. ए वॉर्डात कुलाब्याची लष्करी जमीन आहे, ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान आहे, मंत्रालय, हायकोर्ट, बँका आहेत. लोकसंख्या जवळपास सारखी आणि दाटी पाचपटीहून जास्त वेगळी.

उपनगरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाचा सुमारे 44 चौ. किमी भाग उपनगर जिल्ह्यात येतो. जिल्ह्याच्या 446 चौ. किमीमधून तो वजा केला तर 93,56,962 माणसांना उरतात 402 चौ. किमी, आणि घनता 20,980 वरून 23,276 होते. याला निव्वळ घनता म्हणतात. काहीच न वगळता काढलेली ती ढोबळ घनता. उद्यानाबरोबर आरे, खाडीतली तिवरं, विमानतळ, मिठागरं असं एकेक वजा करत गेलात तर आकडा चढतच जाईल. त्यामुळे निव्वळ घनता लिहिताना काय काय वगळलं त्याची यादी दिलीच पाहिजे. ती नसेल तर तो आकडा कुणालाही हवा तेवढा फुगवता येतो. बिल्डरच्या सल्लागाराचा अहवाल आणि मोकळ्या जागा वाचवणाऱ्यांचा अहवाल एकाच भागासाठी दोन वेगळ्या घनता सांगतात, तेव्हा भांडण बहुतेक वेळा याच यादीवर असतं.

ए वॉर्डाबाबत अजून एक. जनगणना माणूस मोजते तो जिथे राहतो तिथे. चर्चगेट आणि सीएसएमटीला उतरणारी लाखो माणसं ए वॉर्डाच्या आकड्यात नाहीत. ती विरार, डोंबिवली, पनवेलच्या आकड्यात आहेत. त्यामुळे घनता ही मुख्यतः रात्रीची घनता आहे. शाळा, दवाखाने, घरगुती पाणी यांचं नियोजन तिच्यावर करता येतं. फूटपाथची रुंदी किंवा सार्वजनिक शौचालयांची संख्या फोर्टमध्ये 15,000 च्या हिशोबाने ठरवली तर दुपारी काय होईल ते सांगायला नको.

घनता आणि घरातली दाटी याही वेगळ्या गोष्टी आहेत. एका चौ. किमीवर 40,000 माणसं वीस मजली इमारतींत राहू शकतात आणि बैठ्या चाळींतही. पहिल्या ठिकाणी माणशी खोली असेल, दुसऱ्या ठिकाणी खोलीत सहा माणसं. जमीन दोन्हीकडे एकच. त्यासाठी जनगणनेतलेच घरांचे तक्ते आहेत, त्यात घरात किती खोल्या आणि कुटुंबात किती माणसं ते मिळतं. 'इथे लोक कोंडून राहतात' असं लिहायचं असेल तर ते तक्ते उघडा, घनतेवर भागवू नका.

आकडा लिहिताना

'ठाणे जिल्ह्याची घनता 1,915 आहे' एवढंच वाक्य लिहू नका. त्याऐवजी असं लिहा: 'आजच्या हद्दीनुसार ठाणे जिल्हा, 2011 ची जनगणना, 4,214 चौ. किमी, ढोबळ घनता 1,915; उल्हासनगर सुमारे 39,000, शहापूर-मुरबाड सुमारे 210 (क्षेत्रफळ 2,400 चौ. किमी धरून).' वाक्य लांब होतं, पण वाचणाऱ्याला सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ भाग एकदम दिसतो, आणि कुणाला शंका आली तर त्याला तोच भागाकार स्वतः करून बघता येतो. नकाशा काढत असाल तर जिल्हाभर एकच रंग भरण्याऐवजी निदान तालुकावार भरा, आणि रंगांचे टप्पे 0–500, 500–1,000 असे समान ठेवू नका. 210 आणि 39,000 एकाच नकाशावर असताना वरचे सगळे तालुके शेवटच्या रंगात जमा होतात. 250, 1,000, 4,000, 16,000 असे चौपटीने वाढणारे टप्पे घेतले तर शहापूर, कल्याण आणि उल्हासनगर वेगवेगळे दिसतात.

2027 चे आकडे आले की हाच तक्ता परत भरायचा. तेव्हा आधी तालुक्यांच्या आणि शहरांच्या हद्दी 2011 सारख्याच आहेत का ते बघा. बदलल्या असतील तर जिथे गावनिहाय आकडे मिळतील तिथे नवी गावं वजा करून जुन्या हद्दीचा आकडा काढा, आणि मगच वाढ किती झाली ते मोजा.